मुदतीनंतर भरलेली फी आणि न आलेली पावती

पालकहो, दुसऱ्या हप्त्याची फी ज्यांनी १० तारखेनंतर भरली, त्यांच्यापैकी अनेकांना पावती मिळालेली नाही. खात्यातून पैसे गेले, मोबाइलवर हिरवी खूण उमटली, पण दरवेळी काही सेकंदांत येणारा पावतीचा मेसेज आला नाही. ‘आमचे पैसे मिळाले की नाही?’ हा तुमचा प्रश्न रास्त आहे. पैसे बहुतेकांचे मिळालेले आहेत. मात्र ते कोणत्या मुलाच्या नावावर जमा करायचे, हे आमच्या संगणकाला कळलेले नाही आणि कळल्याशिवाय त्याने पावती काढू नये, अशी व्यवस्था आम्ही मुद्दाम ठेवली आहे. ही व्यवस्था कशी चालते, मुदत संपल्यावर ती का थांबते आणि तुमची पावती आता कशी निघेल, हे सविस्तर सांगण्यासाठी हा लेख. आज राज्यातले अनेक लहान-मोठे क्लास याच पद्धतीने फी घेतात, त्यामुळे तुमचे मूल दुसऱ्या कुठल्या क्लासला जात असले तरी यातले बहुतेक तपशील तिथेही लागू पडतील.

पावती आपोआप निघते म्हणजे काय होते

हप्त्याची तारीख जवळ आली की आमचे सॉफ्टवेअर प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावे एक मागणी तयार करते. तिच्यात विद्यार्थ्याचे नाव, बॅच, हप्त्याची रक्कम आणि शेवटची तारीख असते. त्या मागणीला एक स्वतंत्र क्रमांक मिळतो आणि त्या क्रमांकाची पेमेंट लिंक तुमच्या व्हॉट्सॲपवर येते. तुम्हाला सगळ्यांच्या लिंक सारख्या दिसत असल्या, तरी प्रत्येक लिंकच्या पोटात वेगळा क्रमांक असतो. म्हणूनच शेजारच्या मुलाच्या लिंकवर तुमच्या मुलाची फी भरू नका, असे आम्ही सांगत असतो.

तुम्ही लिंक उघडता, आपले यूपीआय ॲप निवडता आणि पिन टाकता. तुमची बँक आणि आमचा क्लास यांच्यामध्ये पेमेंट गेटवे नावाची एक मध्यस्थ कंपनी असते. व्यवहार यशस्वी झाल्याचा निरोप यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या यंत्रणेतून आणि बँकांमधून त्या गेटवेकडे पोहोचतो. गेटवे लगेच आमच्या सॉफ्टवेअरला कळवतो, की अमुक क्रमांकाच्या मागणीचे इतके रुपये आले आणि व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक हा.

सॉफ्टवेअर मग तीन गोष्टी तपासते. निरोप खरोखर गेटवेकडूनच आला आहे का, त्या क्रमांकाची मागणी अजून खुली आहे का आणि आलेली रक्कम मागणीइतकीच आहे का. तिन्ही उत्तरे ‘हो’ असली, तरच ते मागणी बंद करते, पावतीचा पुढचा क्रमांक घेते, पावती तयार करते आणि तुम्हाला पाठवते. या सगळ्यात माणसाचा हात कुठेच लागत नाही.

इथे एक बारकावा लक्षात घ्या. पैसे भरणाऱ्याचे नाव सॉफ्टवेअर विचारतच नाही. आईने भरले, काकांनी भरले किंवा पुण्यात नोकरी करणाऱ्या मोठ्या भावाने भरले, तरी पावती मुलाच्याच नावाने निघते, कारण ओळख पटते ती मागणीच्या क्रमांकावरून. हा क्रमांक सोबत असेल तोवर सगळे बिनबोभाट चालते. तो गळून पडला की पावतीही थांबते.

मुदत संपल्यावर लिंक का बंद होते

प्रत्येक लिंकला आम्ही बंद होण्याची वेळ लावलेली असते. या हप्त्यासाठी ती १० ऑक्टोबरच्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटे होती. मुदत टळली की हप्त्यावर विलंब शुल्क लागते आणि द्यायची रक्कम बदलते. जुनी लिंक उघडी राहिली, तर ती जुनीच रक्कम घेईल, मागणी पूर्ण झाल्याचे समजेल आणि वेळेवर भरणाऱ्या पालकांमध्ये व उशिरा भरणाऱ्यांमध्ये हिशेबात काही फरकच राहणार नाही. म्हणून ती बंद होते. विलंब शुल्कासह नवी लिंक हवी असेल, तर ऑफिसला मागावी लागते.

प्रत्यक्षात काय घडते? अकरा किंवा बारा तारखेला पालक लिंक उघडतात आणि तिची मुदत संपल्याची सूचना त्यांना दिसते. आधीच उशीर झालेला असतो, आणखी थांबायचे नसते. मग मोबाइलच्या गॅलरीत क्लासच्या काउंटरवरच्या क्यूआर कोडचा फोटो सापडतो. तो स्कॅन करून ते रक्कम टाकतात आणि पैसे पाठवतात. हेतू प्रामाणिक असतो, पैसेही योग्य खात्यात पोहोचतात. अडचण त्या दोन क्यूआर कोडमधल्या फरकात आहे.

क्यूआर कोड म्हणजे चौकटीत मांडलेली एक ओळ असते. काउंटरवरचा कायमस्वरूपी कोड उलगडला तर साधारण अशी ओळ निघते:

```
upi://pay?pa=class@bank&pn=Class&cu=INR
```

यात `pa` म्हणजे पैसे घेणाऱ्याचा यूपीआय पत्ता, `pn` म्हणजे त्याचे नाव आणि `cu` म्हणजे चलन. बस्स, एवढेच. आता एका विद्यार्थ्याच्या मागणीसाठी बनवलेला कोड पाहा:

```
upi://pay?pa=class@bank&pn=Class&cu=INR&am=11800.00&tr=OCT10B0427
```

यात दोन गोष्टी जास्त आहेत. `am` म्हणजे रक्कम आणि `tr` म्हणजे मागणीचा संदर्भ क्रमांक. हा दुसरा कोड स्कॅन केला की रक्कम आपोआप भरलेली दिसते आणि संदर्भ क्रमांक व्यवहारासोबत आमच्यापर्यंत येतो. पहिल्या कोडवरून आलेले पैसे मात्र देवळातल्या दानपेटीत पडलेल्या नोटेसारखे असतात. नोट खरी, पेटीही बरोबर, पण कोणाची आणि कशासाठी हे तिच्यावर लिहिलेले नसते. काउंटरवरचा साउंडबॉक्सदेखील रक्कम मोठ्याने सांगतो, विद्यार्थ्याचे नाव सांगत नाही.

काही पालकांनी पैसे पाठवताना शेरा लिहिण्याच्या जागेत मुलाचे नाव टाकले होते. त्यांची तक्रार होती की नाव लिहूनही पावती आली नाही. तो शेरा बँकेच्या विवरणात पूर्ण उमटेलच असे नाही. अनेकदा तो अर्धवट कापला जातो किंवा दिसतच नाही. शिवाय एकाच नावाची दोन मुले एका बॅचमध्ये असू शकतात. म्हणून शेऱ्यावर विसंबून पावती काढता येत नाही. पण तो लिहिलेला असला, तर आमच्या ऑफिसला शोधायला मदत नक्की होते.

एका हप्त्याची गोष्ट

एक उदाहरण आकड्यांसह पाहू. दहावीच्या बॅचमधल्या एका विद्यार्थिनीचा दुसरा हप्ता १०,००० रुपयांचा आहे. खासगी क्लासच्या फीवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ९०० रुपये केंद्राचे आणि ९०० रुपये राज्याचे. एकूण ११,८०० रुपये १० ऑक्टोबरपर्यंत भरायचे होते. त्यानंतर विलंब शुल्क ३०० रुपये. जीएसटी कायद्याप्रमाणे उशिराबद्दल घेतलेले शुल्कही सेवेच्या किमतीचाच भाग धरले जाते, म्हणून त्यावरही १८ टक्के, म्हणजे ५४ रुपये. तेव्हा मुदतीनंतरची मागणी झाली १२,१५४ रुपयांची.

तिच्या वडिलांनी १२ तारखेच्या रात्री काउंटरचा क्यूआर स्कॅन करून ११,८०० रुपये पाठवले. त्यांचे खाते ज्या बँकेत आहे तिथे त्या दिवशी यूपीआय चालत नव्हते, म्हणून त्यांनी मेहुण्याच्या मोबाइलवरून भरले. आमच्या बँकेच्या विवरणात एक ओळ उमटली. तिच्यात तारीख, ११,८०० रुपये, बारा अंकी क्रमांक आणि मेहुण्याचे अर्धवट नाव होते.

आता सॉफ्टवेअरच्या जागी स्वतःला ठेवून बघा. संदर्भ क्रमांक नाही. पैसे पाठवणाऱ्याचे आडनाव कोणत्याच विद्यार्थ्याशी जुळत नाही. रक्कम जुळवायची म्हटले, तर मुदतीनंतर ११,८०० रुपयांची मागणी कोणाचीच उरलेली नाही, सगळ्या थकीत मागण्या १२,१५४ च्या झाल्या आहेत. जुनी रक्कम धरून पाहावे, तर त्या बॅचमध्ये फी न भरलेल्या प्रत्येक मुलाची जुनी रक्कम ११,८०० हीच आहे. म्हणजे एकही धागा एका मुलापर्यंत नेत नाही.

अशा रकमेसाठी हिशेबाच्या वहीत पूर्वापार एक जागा आहे, उचंत खाते. पैसे आलेत हे मान्य, पण कोणत्या नावावर टाकायचे ते ठरलेले नाही, अशी रक्कम तिथे नोंदवून ठेवतात. या वडिलांचे ११,८०० रुपयेही तिथेच गेले. ते हरवले नाहीत, खर्चही झाले नाहीत, त्यांची ओळख पटायची बाकी राहिली.

दोन दिवसांनी त्यांनी ऑफिसला मुलीचे नाव आणि बारा अंकी क्रमांक पाठवला. लेखनिकाने बँकेच्या विवरणात तो क्रमांक शोधला, तारीख आणि रक्कम पडताळली आणि नोंद उचंत खात्यातून काढून मुलीच्या नावावर टाकली. हिशेब असा लागला: आलेले ११,८०० रुपये आधी मूळ फी आणि तिचा कर यांत जमा, त्याची पावती त्याच दिवशी. विलंब शुल्काचे ३५४ रुपये बाकी, त्यांची वेगळी लिंक. उरलेले ३५४ येईपर्यंत ११,८०० ची पावती अडवून ठेवलेली नाही आणि कोणत्याही क्लासने तशी ती अडवू नये. जे पैसे मिळाले, त्यांची पोच देणे हे घेणाऱ्याचे काम आहे.

दोन मुले आमच्याकडे असलेल्या घरांत आणखी एक पेच झाला. दोघांची फी मिळून २३,६०० रुपये एकाच वेळी पाठवले गेले. आमच्याकडे २३,६०० ची एकही मागणी नव्हती. अशा वेळी कोणाच्या नावावर किती टाकायचे, हे पालकांनी लिहून दिल्यावरच दोन स्वतंत्र पावत्या निघतात.

अंदाज करून पावती का काढत नाही

‘नाव साधारण जुळतंय ना, मग काढून टाका पावती,’ असे काहींनी सुचवले. त्यामागची घाई समजते, पण चुकीच्या नावाने निघालेली पावती ही न निघालेल्या पावतीपेक्षा जास्त त्रासाची असते. ज्याने भरले नाही त्याच्या नावे पावती गेली की त्याचे पालक निर्धास्त होतात. ज्याने भरले त्याच्या घरी मात्र फी थकल्याचे संदेश जात राहतात. परीक्षेच्या तोंडावर एखाद्या मुलाला सर्वांसमोर फीबद्दल विचारले जाण्याचा प्रसंग अशाच गोंधळातून येतो आणि तो मला कोणत्याही मुलावर येऊ द्यायचा नाही.

दुसरे कारण कायद्याचे आहे. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या पुढे गेली की आपल्या राज्यात जीएसटी नोंदणी घ्यावी लागते. नोंदणी असलेल्या क्लासची पावती ही कराचा दस्तऐवज असते. तिचा क्रमांक सलग असावा लागतो, सोळा अक्षर-अंकांपेक्षा मोठा नसावा लागतो आणि एका आर्थिक वर्षात तो पुन्हा वापरता येत नाही. एकदा निघालेली पावती फाडून टाकली आणि नवी लिहिली, असे करता येत नाही. बिल चुकीचे निघाले, तर ते दुरुस्त करण्यासाठी क्रेडिट नोट काढावी लागते आणि तिचीही नोंद विवरणपत्रात जाते. याच कारणाने मागची तारीख टाकून पावती देणेही शक्य नाही. मधले क्रमांक आधीच दुसऱ्यांना दिलेले असतात.

पावतीचा आग्रह धरणे मात्र तुमचा हक्कच आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, त्यांतही घेतलेल्या फीची पावती दिली पाहिजे असे म्हटले आहे. आम्ही पावती थांबवली ती योग्य नाव सापडेपर्यंत, टाळण्यासाठी नव्हे.

पैसे कापले गेले, पण लिंकने घेतले नाहीत

काही पालकांची गोष्ट वेगळी आहे. त्यांनी १० तारखेलाच, रात्री उशिरा लिंकवरून पैसे भरले. खात्यातून रक्कम गेली, पण ॲपवर ‘प्रक्रिया सुरू आहे’ असेच दिसत राहिले आणि बारा वाजून गेले. शेवटच्या रात्री असंख्य लोक एकाच वेळी भरत असतात, त्यामुळे तुमच्या बँकेकडून गेटवेपर्यंत निरोप पोहोचायला कधी वेळ लागतो. निरोप आला तोवर लिंक बंद झालेली असते. मग दुसऱ्या तपासणीवर, म्हणजे ‘मागणी खुली आहे का’ यावर, सॉफ्टवेअर अडते.

अशा व्यवहाराचे पुढे दोनच शेवट होऊ शकतात. एक तर पैसे गेटवेकडे पोहोचलेले असतात. मग आम्ही गेटवेच्या यादीत ते शोधून हाताने तुमच्या मुलाच्या नावावर टाकतो. तुमच्या भरण्याची वेळ मुदतीच्या आतली असेल, तर विलंब शुल्क लागत नाही. किंवा व्यवहार पूर्णच होत नाही आणि पैसे तुमच्या खात्यात परत येतात. यासाठी रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात मुदत ठरवून दिली आहे. दुकानदार किंवा संस्थेला यूपीआयने दिलेले पैसे खात्यातून कापले गेले, पण समोरच्याला व्यवहार झाल्याची खात्री मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत आली पाहिजे. त्यापुढे उशीर झाल्यास दर दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाला मिळायला हवी.

म्हणून कळकळीची विनंती अशी, की व्यवहार अडकलेला दिसला तर लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. घाबरून पुन्हा भरणाऱ्यांचे पहिले पैसेही पुढे पोहोचतात आणि मग एकाच हप्त्याचे दुप्पट पैसे आमच्याकडे येतात. ते आम्ही परत करतो, पण तोवर घरचा महिन्याचा हिशेब कोलमडतो. आधी ऑफिसला कळवा. अडकलेल्या व्यवहाराची वेळ नोंदवून ठेवली, की उशिराचा दोष तुमच्यावर येत नाही.

थेट बँकेतून एनईएफटीने पाठवणाऱ्यांनीही वेळेचे गणित समजून घ्यावे. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून वर्षभर, चोवीस तास चालते. पण पैसे पाठवल्याक्षणी जात नाहीत, ते दर अर्ध्या तासाच्या तुकडीने जातात आणि पुढच्या बँकेने ते तुकडीनंतर दोन तासांच्या आत जमा करायचे असतात. रात्री पावणेबाराला पाठवलेले पैसे त्यामुळे दुसऱ्या तारखेला आमच्या खात्यात दिसू शकतात. अशा पालकांसाठी आम्ही पैसे पाठवल्याची तारीख धरतो. मात्र ती तुमच्या बँकेच्या नोंदीत दिसायला हवी.

पावती मिळण्यासाठी काय पाठवायचे

ज्यांची पावती राहिली आहे त्यांनी ऑफिसच्या नेहमीच्या नंबरवर पाच गोष्टी लिहून पाठवाव्यात: विद्यार्थ्याचे पूर्ण नाव आणि बॅच, भरलेली रक्कम, तारीख व वेळ, ज्या खात्यातून पैसे गेले त्या खातेदाराचे नाव आणि व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक.

या शेवटच्या क्रमांकाबाबत सर्वाधिक गल्लत होते. ॲपच्या पावतीवर बहुधा दोन क्रमांक असतात. एक त्या ॲपचा स्वतःचा, त्यात इंग्रजी अक्षरे असतात. तो फक्त त्या कंपनीला ओळखता येतो, आमच्या बँकेच्या विवरणात तो उमटत नाही. दुसरा पूर्ण आकड्यांचा, बारा अंकी, तो दोन्ही बँकांकडे सारखाच असतो. गुगल पेवर तो `UPI transaction ID` या नावाने दिसतो, फोनपेवर `UTR` या नावाने. तोच पाठवा. एनईएफटी केले असेल तर तिथे सोळा अक्षर-अंकांचा यूटीआर क्रमांक असतो.

नुसता स्क्रीनशॉट पुरेसा का नाही, असेही विचारले गेले. यात तुमच्यावर अविश्वास नाही. हिरव्या खुणेचे हुबेहूब चित्र तयार करणारी खोटी ॲप बाजारात आहेत आणि क्लाससारख्या ठिकाणी त्यांचा वापर होऊ शकतो. शिवाय अडकलेल्या व्यवहाराचा स्क्रीनशॉट घाईत यशस्वी समजून पाठवला जातो. पैसे आले याचा पुरावा एकच, आमच्या बँकेच्या किंवा गेटवेच्या नोंदीत तो बारा अंकी क्रमांक सापडणे. स्क्रीनशॉट पाठवलात तर त्यात हा क्रमांक स्पष्ट वाचता येईल एवढे पाहा.

आणि एक इशारा. पावती काढण्यासाठी यूपीआय पिन, ओटीपी, कार्डाचा क्रमांक किंवा ‘पडताळणीसाठी एक रुपया पाठवा’ यांतले काहीही लागत नाही. आमच्या नावाने कोणी असे मागितले, तर ते आम्ही नाही हे निश्चित समजा. फी थकल्याच्या बातम्या पसरल्या की अशा फोनांना उधाण येते.

पावती हाती आल्यावर काय बघायचे

पावती आल्यावर ती न वाचता ठेवून देऊ नका. तिच्यावर विद्यार्थ्याचे नाव आणि बॅच, पावतीचा क्रमांक, मूळ फी आणि दोन्ही कर वेगवेगळे, तसेच तुमच्या व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक असला पाहिजे. या वेळी तुम्हाला दोन तारखा दिसतील: पावती तयार झाल्याची आणि पैसे भरल्याची. विलंब शुल्क ठरते ते दुसऱ्या तारखेवरून. आम्हाला जुळवाजुळव करायला चार दिवस लागले म्हणून तुमचा उशीर चार दिवसांनी वाढत नाही.

क्लास जीएसटी घेत असेल, तर पावतीवर पंधरा अक्षर-अंकांचा जीएसटी क्रमांक छापलेला असतो. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा क्रमांक २७ ने सुरू होतो आणि सरकारच्या जीएसटी पोर्टलवर तो टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे हे दिसते. ज्या पावतीवर कर घेतला आहे पण हा क्रमांक नाही, ती घेताना प्रश्न विचारा.

काही पालकांना पावती ऑफिसात कर वजावटीसाठी द्यायची होती. त्यांनी हे लक्षात घ्यावे, की ‘८० सी’ म्हणून ओळखली जाणारी ट्यूशन फीची सवलत शाळा, महाविद्यालय, विद्यापीठ अशा संस्थांतल्या पूर्णवेळ शिक्षणाच्या फीला मिळते. खासगी क्लासच्या फीला ती मिळत नाही. नावात ट्यूशन असले तरी आमची पावती त्यासाठी उपयोगाची नाही. ती जपायची ती फी परत मागण्याची वेळ आली किंवा हिशेबावरून वाद झाला तर.

पुढच्या हप्त्यापासून

तिसऱ्या हप्त्यापासून दोन गोष्टी बदलत आहेत. मुदत संपताच जुनी लिंक बंद होईल आणि त्याच क्षणी विलंब शुल्कासह नवी लिंक तुमच्याकडे आपोआप येईल, ती मागावी लागणार नाही. तिच्यातही तुमच्या मुलाचा मागणी क्रमांक असेल, म्हणून उशिरा भरले तरी पावती लगेच निघेल. दुसरे, काउंटरवरचा कायमस्वरूपी क्यूआर आम्ही हप्त्यांसाठी वापरणे थांबवत आहोत. ऑफिसात येऊन भरणाऱ्यांना लेखनिक पडद्यावर त्यांच्या मुलाच्या मागणीचा कोड दाखवेल. गॅलरीत जुन्या क्यूआरचा फोटो असेल तर तो आजच काढून टाका.

तरीही काही रकमा अनोळखी येतच राहतील. घरातल्या कोणाकडून जुन्या पत्त्यावर पैसे पाठवले जातील, दोन भावंडांचे एकत्र येतील. अशा रकमांची यादी आता रोज संध्याकाळी बँकेच्या विवरणाशी ताडून पाहिली जाईल. ज्यांची ओळख पटते त्यांच्या पावत्या त्याच संध्याकाळी जातील. ज्या रकमेचा मालक शोधूनही सापडणार नाही, ती आलेल्या खात्यात परत पाठवली जाईल. पाच गोष्टी कळवूनही दोन कामाच्या दिवसांत पावती आली नाही, तर ऑफिसशी वाद घालत बसू नका, थेट मला भेटा. बँकेचे विवरण तुमच्यासमोर उघडून नोंद शोधू आणि पावती घेऊनच तुम्ही परत जाल.